आजी बाजारात जाते

जर्मनीत वाढणाऱ्या मराठी घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. घरी आई तिच्याशी मराठीत बोलते. ‘जेवायला ये’, ‘दप्तर उचल’, ‘आजीला फोन लाव’ हे सगळं तिला नीट कळतं, पण उत्तर बहुतेक वेळा जर्मनमध्ये येतं. मुळाक्षरं शिकून झालेली आहेत, काना-मात्रा ओळखता येतात. मग कोणीतरी प्रेमानं पुण्याहून गोष्टींचं पुस्तक पाठवतं. पहिलं वाक्य असतं, ‘एके दिवशी भल्या पहाटे आजीबाई लगबगीने बाजारात जायला निघाल्या.’ मुलगी ‘आजी’पर्यंत येते, ‘बाईं’वर अडखळते आणि पुस्तक मिटते.

या वाक्यात अवघड शब्द फारसे नाहीत, अवघड आहेत ती शब्दांची रूपं. ‘एक’ हा शब्द तिला येतो, पण इथे तो ‘एके’ झालाय. ‘दिवस’ येतो, तो ‘दिवशी’ झालाय. ‘निघाली’ येतं, पण आदरार्थी बहुवचनामुळे ते ‘निघाल्या’ झालंय. घाई येते, लगबग येत नाही, आणि त्या लगबगीलाही ‘ने’ लागलाय. मराठी बोलून मोठे झालेल्या आपल्याला हे बदल दिसतसुद्धा नाहीत. ओळखीचा माणूस वेगळा सदरा घालून आला तर आपण त्याला लगेच ओळखतो, पण एकदाच भेटलेला पाहुणा ओळखत नाही. नवशिक्या वाचकाचं प्रत्येक शब्दाशी नातं असंच एका भेटीपुरतं असतं.

म्हणून नवशिक्यांसाठी मराठी गोष्ट लिहिताना ‘सोपे शब्द वापरा’ हा सल्ला अपुरा पडतो. कमी रूपं वापरायची, तीच ती परत आणायची, आणि तरीही गोष्ट गोष्ट राहील असं बघायचं, हे खरं काम आहे. परदेशी लेकीकडे आलेली आजी आणि तिथला आठवडी बाजार हा विषय मला या कामासाठी फार योग्य वाटतो. एक गोष्ट रचत रचतच ते दाखवते.

नवा वाचक आणि नवे शब्द यांचं प्रमाण किती असावं, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं एक महत्त्वाचं उत्तर आपल्या उपखंडातच शोधलं गेलं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक 1920च्या दशकात ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करत होते. बंगाली मुलांच्या हातातली इंग्रजी पुस्तकं त्यांनी तपासली. प्रत्येक पानावर नवे शब्द भराभर येत होते आणि आलेला शब्द पुन्हा भेटतच नव्हता. वेस्ट यांनी नवे शब्द थोडे ठेवले, एक आला की तो अनेक वाक्यांत फिरवला आणि मगच पुढचा आणला. त्यांच्या वाचनमाला यातूनच तयार झाल्या. पुढे वाचनावर संशोधन करणाऱ्या हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली एक मोजमाप मांडलं. कोणाचीही मदत न घेता गोष्ट नीट समजायची असेल, तर मजकुरातल्या 100 शब्दांपैकी साधारण 98 शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे सबंध पानभर वाचल्यावर नवे शब्द चार-पाचच भेटावेत. पालकांना आणि शिक्षकांना हे प्रमाण ऐकून धक्का बसतो, कारण आपल्याला वाटतं नवं जितकं जास्त तितकं शिकणं जास्त.

मराठीत या मोजणीला एक पुरवणी जोडावी लागते. ‘बाजार’ ओळखीचा असला तरी ‘बाजारात’ हा डोळ्यांना वेगळा शब्द आहे. ‘मुलगी’ ओळखीची असली तरी ‘मुलीला’मध्ये ‘गी’ नाहीसा होतो. ‘कांदा’ येत असला तरी ‘कांद्याचा’ वाचताना जोडाक्षर आडवं येतं. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचं जे सामान्यरूप होतं, ते नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळतं. ते टाळता येत नाही, पण कोणत्या शब्दांवर ते घडू द्यायचं हे लेखकाच्या हातात असतं.

आणि इथे आजी मदतीला येते. ‘आजी’ला कुठलाही प्रत्यय लावा, शब्द तसाच राहतो: आजीला, आजीची, आजीकडे. नातीचं नाव रिया ठेवलं तर रियाला, रियाची असं तेही अभंग राहतं. बाजारात विकणारी बाई असली तर भाजीवालीला, भाजीवालीकडे. तिच्या जागी पुरुष आणला तर तो लगेच ‘भाजीवाल्याला’ होतो, म्हणजे रूपही बदललं आणि जोडाक्षरही आलं. म्हणून पहिल्या गोष्टीतली भाजीवाली बाईच हवी. ‘लेक’ आणि ‘मुलगी’ हे दोन्ही शब्द बाजूला ठेवायचे. आजी ज्या लेकीकडे राहायला आली आहे ती लेक शनिवारी सकाळी घरीच राहू दे. बाजारात फक्त आजी आणि नात.

तिन्ही पात्रं स्त्रिया ठेवण्याचा आणखी मोठा फायदा क्रियापदांत मिळतो. आजी जाते, रिया बघते, भाजीवाली देते. सगळ्या गोष्टीत ‘ते’ हा एकच शेवट. एकही ‘तो’ नाही, एकही ‘तात’ नाही. वाचणारी मुलगी तिसऱ्या वाक्यापर्यंत तो शेवट मनातल्या मनात आधीच म्हणायला लागते, आणि मग तिचं सगळं लक्ष क्रियापदाच्या पुढच्या भागावर, म्हणजे अर्थावर जातं.

काळही वर्तमानच हवा. गोष्ट म्हटली की आपला हात भूतकाळाकडे वळतो. पण मराठीचा भूतकाळ सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत कर्त्याला सोडून कर्माचा हात धरतो. आजीने काकडी घेतली, आजीने पाला घेतला, आजीने गाजर घेतलं. आजी एकच, घेणंही एकच, पण क्रियापदाची रूपं तीन. बाजाराच्या गोष्टीत हे सतत होणार, कारण तिथे सगळे काहीतरी घेत आणि देत असतात. वर्तमानकाळात मात्र आजी काकडी घेते, पाला घेते, गाजर घेते. त्यामुळे पहिल्या फेरीत वर्तमान आणि तीच गोष्ट दुसऱ्या वर्षी भूतकाळात, हा क्रम मला सगळ्यात बरा वाटतो.

विशेषणांचंही तसंच. ताजा, ताजी, ताजं किंवा हिरवा, हिरवी, हिरवं यांना लिंगाप्रमाणे बदलावं लागतं. छान, लाल, गोड, महाग हे शब्द कशालाही लावा, बदलत नाहीत. पहिल्या गोष्टीपुरती काकडी ‘हिरवी’ न म्हणता ‘छान’ म्हटली तर काही बिघडत नाही.

आता बाजार. जर्मनीत पुष्कळ गावांत असा बाजार भरतो, त्याला व्होखेनमार्क्ट म्हणतात. म्युन्स्टर शहरात तो बुधवारी आणि शनिवारी कॅथेड्रलसमोरच्या मोठ्या चौकात भरतो. आसपासचे शेतकरी, चीजवाले, मासेवाले, फुलवाले, पाववाले सकाळी लवकर येऊन ठेले मांडतात आणि दुपारी दोन-अडीचच्या सुमारास आवराआवर सुरू होते. आपल्याकडच्या मंडईत वावरलेल्या आजीला इथे दोन-तीन गोष्टी लगेच खटकतील, आणि गोष्ट लिहिणाऱ्याला नेमक्या याच हव्या असतात. एक म्हणजे ठेल्यावरचा माल हाताळायचा नसतो. टोमॅटो दाबून बघायचा नाही, काकडी मोडून बघायची नाही. काय हवं ते सांगायचं आणि विकणारी व्यक्ती निवडून, तोलून देते. दुसरं, घासाघीस नसते. फळीवर भाव लिहिलेला असतो, तो किलोचा, नगाचा किंवा जुडीचा. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूनंतर विकणारी विचारते, ‘झॉन्स्ट नॉख एट्वास?’, आणखी काही हवं का? गिऱ्हाईक ‘नाही’ म्हणेपर्यंत हिशेब होत नाही.

हा शेवटचा रिवाज गोष्टीचा सांगाडा बनतो. एक वस्तू, मग दुसरी, मग तिसरी, आणि दर वेळी त्याच पायऱ्या: बघणं, विचारणं, भाव ऐकणं, किती हवं ते सांगणं, घेणं. लेखकाला पुनरावृत्ती ओढूनताणून आणावी लागत नाही, ती बाजारातच आहे. युरोपात भाषाशिक्षणाच्या ज्या सहा पायऱ्या 2001पासून रूढ झाल्या, त्यांतल्या अगदी पहिल्या पायरीवरच आकडे, प्रमाण, किंमत आणि वेळ हाताळता येणं अपेक्षित आहे. बाजार यातल्या पहिल्या तीन गोष्टी एका फेरीत देतो.

आजीच का, आई का नाही? कारण आई जर्मन बोलते. मग बाजारात मराठी बोलायची गरजच उरत नाही आणि मुलीला वाटतं की गोष्ट उगाच मराठीत आहे. आजीला जर्मन येत नाही, भाजीवालीला मराठी येत नाही, आणि मध्ये उभी आहे रिया. तिच्याशिवाय एक काकडीही विकत घेता येत नाही. घरी जिची मराठी सगळ्यात कच्ची समजली जाते, तीच इथे एकमेव दुभाषी होते. परदेशातल्या कित्येक मराठी मुलांनी हे प्रत्यक्ष केलेलं असतं, त्यामुळे त्यांना ही भूमिका पटते.

आजीच्या मुक्कामावर ऋतूही अवलंबून असतो. शेंगेन देशांच्या पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्यामुळे बरेचसे आजी-आजोबा थंडी टाळून एप्रिल-मे ते जून-जुलै असे येतात. मे महिन्यातला जर्मन बाजार म्हणजे पांढरा शतावर, स्ट्रॉबेरी, लाल मुळे आणि नवलकोल. शतावरावर तर तिथले लोक जीव टाकतात आणि 24 जूनला त्याचा हंगाम रिवाजानं संपतो. पण पहिल्या गोष्टीला मला नवलकोलच हवा. एकतर त्यात जोडाक्षर नाही. दुसरं म्हणजे जर्मन मुलांचा तो कच्चा खायचा खाऊ आहे, शाळेच्या डब्यात त्याच्या फोडी असतात, आणि त्याला ती कोलराबी म्हणतात. मुलीला भाजी माहीत आहे, मराठी नाव माहीत नाही. नवा शब्द शिकवायला यापेक्षा चांगली परिस्थिती नाही.

आणि तिसरं कारण सगळ्यात मोठं. जर्मन बाजारात पाल्यासकट नवलकोल किंवा गाजर घेतलं की विकणारी पुष्कळदा विचारते, पाला काढून टाकू का? बहुतेक गिऱ्हाइकं हो म्हणतात. एका पिळ्यात पाला तुटतो आणि मागच्या खोक्यात पडतो. घरी ससे पाळणारे तो मागून नेतात. आपल्याकडे नवलकोलाच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. तो बारीक चिरून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून, लसणाच्या फोडणीवर परततात. आता ठेल्यासमोर उभ्या असलेल्या आजीच्या डोळ्यांदेखत तो पाला पिळून फेकला जातोय. गोष्टीला हवा असलेला पेच इथे तयार मिळतो. तो कळायला अवघड शब्द लागत नाहीत, आणि तो सोडवायला मुलीला फक्त ‘नको’ आणि ‘पाहिजे’ एवढंच समजावं लागतं.

तर गोष्ट अशी.

आज शनिवार आहे. आजी बाजारात जाते. रिया पण जाते.

आजी काकडी बघते. काकडी छान आहे.
“काकडी कितीला?” आजी विचारते.
रिया भाजीवालीला विचारते. भाजीवाली सांगते. आजीला कळत नाही. रियाला कळते.
“एक युरो,” रिया सांगते.
“एक घे,” आजी सांगते. भाजीवाली एक काकडी देते.

आजी गाजर बघते. गाजर छान आहे.
“गाजर कितीला?” आजी विचारते. रिया भाजीवालीला विचारते.
“किलो दोन युरो,” रिया सांगते.
“अर्धा किलो घे,” आजी सांगते. भाजीवाली अर्धा किलो गाजर देते.

आजी थांबते. आजी हसते.
“अगं, नवलकोल!”
रिया बघते. “नवलकोल? कोलराबी!” रिया पण हसते.
“नवलकोल कितीला?” आजी विचारते.
“एक युरोला एक,” रिया सांगते.
“दोन घे,” आजी सांगते.
भाजीवाली दोन नवलकोल घेते. भाजीवाली पाला काढते.
“नको! नको!” आजी ओरडते. “पाला पाहिजे!”
रिया भाजीवालीला सांगते. भाजीवाली हसते. भाजीवाली आजीला पाला देते. खूप पाला देते.
“पाला कितीला?” आजी विचारते.
रिया भाजीवालीला विचारते.
“फुकट!” रिया सांगते.

सगळी गोष्ट 130 शब्दांची आहे, पण वेगवेगळे शब्द 37च आहेत. ‘अर्धा’ सोडला तर एकही जोडाक्षर नाही. प्रत्ययामुळे ज्याचं अंग बदललं असा शब्द एकच, ‘बाजारात’. आणि तोही दुसऱ्याच वाक्यात, चित्राशेजारी येतो. ‘म्हणते’ हे क्रियापद मुद्दाम टाळून सगळीकडे ‘सांगते’ ठेवलंय, कारण ‘म्ह’ हे जोडाक्षर वाचताना या वयाची मुलं हमखास थबकतात. शहराचं नावही याच कारणानं गोष्टीत नाही. ‘म्युन्स्टर’ लिहायचं म्हणजे पहिल्याच ओळीत दगड ठेवायचा.

मुलीला खरोखर नवे असे शब्द यात तीन, फार तर चार: नवलकोल, पाला, फुकट, आणि कदाचित कितीला. ‘नवलकोल’चा अर्थ रिया स्वतःच पुढच्या वाक्यात देते. ‘पाला’ पाच वेळा येतो, आणि पहिल्यांदा येतो तेव्हा भाजीवालीच्या हातात असतो, म्हणून तिथे चित्र हवंच. हात, पीळ आणि पानं स्पष्ट दिसणारं. ‘फुकट’ शेवटी येतो, आणि भाजीवालीनं पैसे घेतले नाहीत हे चित्रात दाखवलं की तो सुटतो. पानाच्या तळाशी शब्दार्थ देण्याची गरज उरत नाही. शब्दार्थाकडे खाली गेलेली नजर परत वर येते तेव्हा वाक्य निसटलेलं असतं.

‘घे’ आणि ‘देते’ यांच्याबद्दल एक खुलासा हवा. आजी भाजीवालीला ‘द्या’ म्हणू शकली असती, मंडईत ती तेच म्हणते. पण इथे ती बोलतेय नातीशी, म्हणून ‘घे’. आणि ‘घे’ला ‘ते’ जोडलं की लगेच ‘घेते’. मुलीला हा दुवा स्वतःचा स्वतः सापडतो. अनोळखी माणसाला ‘द्या’, घरच्याला ‘दे’ हा फरक पुढच्या गोष्टीसाठी राखून ठेवावा, जिथे विकणाराही मराठी असेल.

वाचून घेतानाही काही गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं. ‘आजी’ आणि ‘बाजार’ यांतला ‘ज’ लिहायला एकच पण बोलायला वेगळा. ‘बाजार’मध्ये जीभ दातांकडे जाते. घरी मराठी ऐकणारं मूल हे आपोआप बरोबर उच्चारतं. न ऐकणारं मूल दोन्हीकडे ‘आजी’चा ‘ज’ लावतं, त्याला पुस्तकातून हे कळणारच नाही, तोंडानं म्हणून दाखवावं लागतं. ‘काकडी’ वाचताना मूल ‘का-क-डी’ असं तोडून म्हणतं, मधला ‘क’ पूर्ण उच्चारतं. तो चुकीचा वाटला तरी लगेच दुरुस्त करू नये. पुढच्या ओळीत ‘काकडी’ पुन्हा येते, आणि घरात ऐकलेला शब्द कानाला सापडला की उच्चार स्वतःच सरळ होतो. कुठल्या शब्दावर डोळे मागे जातात, तेवढं शेजारी बसून बघावं. एकाच ओळीत दोनदा मागे गेले तर ती ओळ गोष्ट लिहिणाऱ्यानं बदलायची, मुलीला ती दहा वेळा वाचायला लावायची नाही.

वाचलं म्हणजे कळलं असं नसतं, आणि ‘कळलं का?’ विचारलं की सगळी मुलं ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा विचारावं, आजीनं एकूण किती युरो दिले? हे गोष्टीत कुठेही लिहिलेलं नाही. काकडीचा एक, अर्धा किलो गाजराचा एक, नवलकोलाचे दोन, म्हणजे चार. पाच असं उत्तर आलं तर बहुधा ‘अर्धा’ वाचलेला नाही आणि गाजराचे दोन धरले गेलेत. तीन आलं तर नवलकोल एकच घेतला असं समजलं गेलंय. चुकीच्या उत्तरावरून नेमकी कुठली ओळ निसटली हे सापडतं. दुसरा प्रश्न, आजी का ओरडते? इथे उत्तर जर्मनमध्ये आलं तरी स्वीकारावं. या पायरीवर समजलंय की नाही ते तपासायचंय, बोलता येतं की नाही ते नंतर.

मग एक शब्द बदलून खेळ सुरू करता येतो. काकडीच्या जागी टोमॅटो घातला तर काय होतं? ‘आजी टोमॅटो बघते’ हे चालतं, पण ‘एक घे’ऐवजी ‘एक किलो घे’ म्हणावं लागतं. भोपळा घातला तर एक भोपळा, पण त्याला किती युरो? मुलं स्वतः भाव ठरवतात आणि इथे मराठीतला सगळ्यात अवघड भाग हळूच आत येतो, तो म्हणजे आकडे. एकोणतीस, सदतीस, एकोणपन्नास ही नावं नियमानं तयार करता येत नाहीत, प्रत्येक पाठच करावं लागतं. म्हणून गोष्टीतले भाव दहाच्या आत ठेवणं भाग आहे. जर्मन बोलणाऱ्या मुलांना मात्र एक सोय आहे. जर्मनमध्येही पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस येतात, त्यामुळे एकवीस, पंचवीस यांची उलटी वाटणारी रचना त्यांना उलटी वाटत नाही.

दीड आणि अडीच हे तर बाजारानंच शिकवायचे शब्द. दीड युरो, अडीच युरो, साडेतीन युरो, जर्मन ठेल्यांवर असे भाव पावलोपावली दिसतात. दीडसाठी जर्मनमध्येही वेगळा शब्द आहे, आंडर्टहाल्प. मुलांनी तो ऐकलेला असेल, तर ‘एक पॉइंट पाच’ न म्हणता एकच शब्द वापरतात हे त्यांना नवल वाटत नाही. तसंच, वृद्ध गिऱ्हाइकं अजूनही ‘एक फुंट’ म्हणतात तेव्हा त्यांना अर्धा किलो हवा असतो. आजीच्या ‘अर्ध्या किलो’ला भाजीवाली जो शब्द ऐकते तो हा.

हे सगळं बसलं की दुसऱ्या गोष्टीत एकेक अडचण वेगळी आणावी, एकदम सगळ्या नाहीत. आधी भाजीवालीच्या जागी भाजीवाला आणायचा, म्हणजे ‘देतो’ आणि ‘भाजीवाल्याला’ भेटतात. बाकी गोष्ट तीच. मग ‘छान’च्या जागी ‘ताजा, ताजी, ताजं’. मग रिया सुट्टीत पुण्याला येते आणि आजीबरोबर मंडईत जाते. तिथे ‘द्या’ येतं आणि घासाघीस येते. आजी साठ रुपयांची जुडी पन्नासला मागते, मिळाली नाही तर दोन पावलं पुढे जाते, आणि मागून हाक येते. इथे दुभाषी लागत नाही, पण रियाला भाव करण्याची रीत नवी असते, त्यामुळे या वेळी प्रश्न तिचे असतात.

भूतकाळ सगळ्यात शेवटी. त्या वेळी मुलीला हीच म्युन्स्टरची गोष्ट पुन्हा द्यावी आणि ‘काल शनिवार होता’ असं सुरू करून तिलाच सांगायला लावावी. ‘आजी बाजारात गेली’ इथपर्यंत ती न अडता जाते. ‘आजीने काकडी’ म्हटल्यावर थांबते, ‘घेतला’ म्हणते, स्वतःच डोकं हलवते आणि ‘घेतली’ म्हणते. गाजराला बहुतेक मुलं पहिल्यांदा चुकतात. पाल्याला चुकत नाहीत, कारण तोवर तो शब्द त्यांच्या पूर्ण ओळखीचा झालेला असतो.